डिस्चार्जच्या आधीचं एक वर्ष : स्टोअरकीपर हवालदाराची नोकरी-शोधाची वही

आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या शेजाऱ्यांचा मुलगा गेल्या वर्षी फौजेतून बाहेर पडला. आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये स्टोअरकीपर टेक्निकल, म्हणजे फौजी भाषेत एसकेटी. हुद्दा हवालदार, सेवा २४ वर्षं, वय ४३. बारावी झाली की भरती झालेला. डिस्चार्जला एक वर्ष उरलं असताना रजेवर आला आणि मला म्हणाला, "काका, सगळे म्हणतात सिक्युरिटीत लगेच लागून जाशील. लागून जाऊ का?"

मी स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि त्याच प्रश्नाचं उत्तर घाईत देऊन चुकलो होतो. म्हणून त्याला म्हटलं, आधी एक वही आण. त्या वहीत वर्षभर जे लिहिलं गेलं, तेच इथे क्रमाने सांगतो. हा क्रम जवान आणि जेसीओंसाठी आहे. अधिकाऱ्यांची वाट वेगळी असते, त्यांचे मॅनेजमेंटचे कोर्स आणि कंपन्यांमधली पदं निराळी, म्हणून ती इथे घेत नाही.

आधी एक नियम समजून घ्या, कारण बाकी सगळा क्रम त्यावर ठरतो

केंद्र सरकारच्या ग गटातल्या, म्हणजे ग्रुप सी पदांत माजी सैनिकांना १० टक्के जागा राखीव असतात. सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँकांमध्ये त्याच गटात हा आकडा १४.५ टक्के आहे. त्यातले ४.५ टक्के अपंग माजी सैनिक आणि शहीदांच्या कुटुंबीयांसाठी असतात. हे आरक्षण बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की, ते एकदाच वापरता येतं. माजी सैनिक म्हणून एखाद्या सरकारी कार्यालयात, सरकारी बँकेत किंवा उपक्रमात नियमित पदावर रुजू झालात की त्यानंतरच्या नोकरीसाठी आरक्षण संपतं. वयाची सवलत पुढेही काही प्रमाणात राहते, पण राखीव जागेवरचा हक्क जातो.

याला एक दार आहे. कार्मिक विभागाच्या, म्हणजे डीओपीटीच्या १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशानुसार, पहिल्या सरकारी नोकरीत रुजू होण्याआधी तुम्ही जिथे जिथे अर्ज केलेत तिथे तुमचा हक्क शाबूत राहतो. अट एवढीच की रुजू होताच त्या सर्व अर्जांची तारीखवार यादी स्वयंघोषणापत्रासह त्या कार्यालयाला द्यायची.

खासगी नोकरीचं तसं नाही. पीथमपूरच्या कारखान्यात, देवास नाक्याच्या गोदामात किंवा सुरक्षा एजन्सीत कितीही काळ काम केलं तरी आरक्षण खर्च होत नाही. कंत्राटी किंवा तात्पुरत्या कामानेही होत नाही.

म्हणून क्रम असा ठरतो: डिस्चार्जच्या आधीपासून सरकारी अर्ज भरत राहायचे, त्यांची नोंद ठेवायची, निकाल येईपर्यंत खासगी नोकरीने घर चालवायचं, आणि पहिलं सरकारी पत्र हातात आलं की ते घेण्याआधी वही उघडून बघायची.

डिस्चार्जला बारा महिने उरल्यापासून नऊ महिने उरेपर्यंत: कागद

कागदांच्या बाबतीत मी आग्रही आहे, कारण अर्ज नाकारले जातात ते बहुतेक याच टप्प्यावरून. डिस्चार्ज बुकात नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. मराठी घरांत हा घोळ नेहमीचा आहे. शाळेत आडनाव "कुळकर्णी", फौजेत "कुलकर्णी", आधारवर आणखी तिसरंच. आमच्या हवालदाराच्या रेकॉर्डमध्ये वडिलांचं नाव अर्धंच होतं. सेवेत असताना हे युनिटमार्फत सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहून दुरुस्त करता येतं. बाहेर आल्यावर तेच काम कित्येक महिने खातं.

दुसरी गोष्ट ट्रेडची. डिस्चार्ज बुकात ट्रेड, क्लास, केलेले कोर्स आणि मेडिकल कॅटेगरी नीट चढलेली असावी. कोर्सची प्रमाणपत्रं गहाळ असतील तर पार्ट टू ऑर्डरमधली नोंद काढून घ्या. पुनर्वास महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, जवान आणि जेसीओंसाठी मोफत कोर्स चालवतं. त्यासाठी सेवेत असतानाच युनिटमार्फत अर्ज करावा लागतो, वर्ष सुरू होताच `dgrindia.gov.in` वर यादी पाहा. आमच्या हवालदाराला मी गोदाम आणि पुरवठा साखळीचा कोर्स घ्यायला लावलं. कॉम्प्युटरचा साधा कोर्स त्याच्याकडे आधीच होता, तो दुसऱ्यांदा करून काही मिळालं नसतं.

तिसरा कागद म्हणजे शिक्षण. दहावी पास असून किमान १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला, पदवी मागणाऱ्या बिगर-तांत्रिक ग्रुप सी पदांसाठी पात्र मानलं जातं. बँकांच्या क्लार्क परीक्षेतही अशीच तरतूद असते. त्यामुळे "माझी पदवी नाही" म्हणून जाहिरात बाजूला सारू नका, आधी पात्रतेचं परिशिष्ट वाचा. मात्र अभियंता, लेखापाल किंवा विशिष्ट पदविका मागणाऱ्या पदांना ही सवलत लागू नाही.

वयाचं गणित कागदावर मांडा

केंद्र सरकारच्या पदांसाठी हिशेब असा: आजच्या वयातून झालेली सेवा वजा करा. उरलेलं वय पदाच्या कमाल वयापेक्षा ३ वर्षांहून जास्त नसावं. आमच्या हवालदाराचं वय ४३, सेवा २४, उरले १९. पदाची मर्यादा २७ असेल तर ३० पर्यंत चालतं, म्हणजे तो आरामात बसतो. याच पदासाठी १७ वर्षं सेवा झालेला जवान ४७ व्या वर्षापर्यंत अर्ज करू शकेल, कारण ४७ वजा १७ म्हणजे ३०. ४८ व्या वर्षी तो बाद.

बँकेच्या क्लार्क परीक्षेत वरून आणखी एक मर्यादा असते: सेवा अधिक ३ वर्षं, पण एकूण वय ५० च्या पुढे नाही. सेवा जास्त म्हणून निर्धास्त राहणारे इथे अडकतात. वय ज्या तारखेला मोजायचं ती जाहिरातीत छापलेली असते, आणि ती अर्जाच्या शेवटच्या तारखेहून वेगळी असू शकते.

सेवेत असताना अर्ज: एका वर्षाची खिडकी

सेवेत असलेला जवान अर्ज करू शकतो, पण त्याची सेवा ठरलेल्या तारखेपासून एका वर्षाच्या आत संपत असेल तरच. आमच्या हवालदाराचा डिस्चार्ज ३१ ऑगस्टचा. आदल्या वर्षी १५ सप्टेंबर ही शेवटची तारीख असलेल्या जाहिरातीला तो पात्र होता. त्याच वर्षीच्या १० ऑगस्टच्या जाहिरातीला नव्हता, कारण अंतर एक वर्षापेक्षा २१ दिवसांनी जास्त होतं. हट्टाने अर्ज भरला असता तर परीक्षा पास होऊनही कागदपत्र तपासणीत बाद झाला असता.

अर्जासोबत कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना प्रत्येक जाहिरातीत परिशिष्ट म्हणून असतो, तोच शब्दशः वापरावा. युनिटमधला क्लार्क मागच्या वर्षीचा नमुना काढून देतो आणि पुढे मोठी अडचण होते. तुम्ही स्वतः छापून घेऊन जा. डिस्चार्जची तारीख, चारित्र्याचा शेरा आणि सही करणाऱ्याचा हुद्दा वाचून मगच निघा.

वहीत प्रत्येक अर्जाला एक ओळ: जाहिरात क्रमांक, पद, कार्यालय, अर्जाची तारीख, नोंदणी क्रमांक, कोणत्या वर्गात भरला. भरलेल्या अर्जाची छापील प्रत त्या पानामागे. डिस्चार्जपर्यंत आमच्या हवालदाराच्या वहीत सात ओळी झाल्या होत्या.

डिस्चार्ज झाला की पहिल्याच आठवड्यात इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. महूत राहणाऱ्यांचंही कार्यालय तेच, कारण महू इंदूर जिल्ह्यात आहे. पीथमपूर मात्र धार जिल्ह्यात मोडतं, तिथे घर केलेल्यांनी धारचं कार्यालय विचारावं. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि फोटो न्या. बँका आणि इतर आस्थापना गार्डसारख्या पदांसाठी नावं मागवतात, ती या नोंदणीतून जातात. भूसेनेतल्यांनी आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशनकडेही नाव द्यावं. नौदल आणि वायुदलाच्या अशाच स्वतंत्र यंत्रणा आहेत.

सुरक्षा नोकरीबद्दल चार प्रश्न

सुरक्षेचं काम कमी दर्जाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण ते सर्वात लवकर मिळतं, म्हणून त्यात सर्वात कमी विचारपूस होते. मी निवृत्त झाल्यावर शहरातल्या एका एजन्सीत लागलो. गणवेशाच्या नावाखाली पहिल्या पगारातून पैसे कापले, पीएफ कापला पण भरला नाही, आणि मला हे पाच महिन्यांनी कळलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे विचारून घ्यायला सांगतो.

सांगितलेला पगार आठ तासांचा आहे की बारा? "महिना अमुक हजार" ऐकायला बरं वाटतं, पण बारा तासांची ड्यूटी असेल तर वरचे चार तास दुप्पट दराने वेगळे मोजले पाहिजेत. पीएफचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मिळतो का? मिळाला की पासबुक स्वतः उघडून पाहा. एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा, म्हणजे पसाराचा परवाना आहे का? आणि जागा डीजीआरने प्रायोजित केलेल्या एजन्सीची आहे का? सार्वजनिक उपक्रमांत अशा एजन्सी जातात तेव्हा दर डीजीआरच्या तक्त्यानुसार ठरतो, आणि तो बाजारातल्या गार्डच्या दरापेक्षा सहसा चांगला असतो.

कायद्याप्रमाणे नव्या गार्डला १६० तासांचं प्रशिक्षण लागतं. माजी सैनिकाला छोटा कोर्स पुरतो: ४० तास वर्ग आणि १६ तास मैदान, किमान सात दिवसांत. कोणी तुमच्याकडून पूर्ण कोर्सचे पैसे मागत असेल तर हे दाखवा. आणि नोकरीच्या आधी "रजिस्ट्रेशन फी" मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

हुद्देदारांनी थेट सुपरवायझरचं पद मागावं. केंद्राच्या नियमांनुसार पंधरा गार्डमागे किमान एक सुपरवायझर हवा, आणि त्यासाठी सैन्यातला किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांना प्राधान्य आहे. हवालदाराने गार्डच्या जागेवर सही का करावी?

गोदामाची नोकरी: आपलं काम त्यांच्या शब्दांत

आमच्या हवालदाराने सुरक्षा घेतली नाही. त्याचं कौशल्य गेटवर उभं राहण्याचं नव्हतं, ते साठा सांभाळण्याचं होतं. आणि इंदूरभोवती देवास नाका, सांवेर रोड, पीथमपूर आणि तिहीचा कंटेनर डेपो, सगळीकडे साठाच साठा आहे.

त्याचा पहिला बायोडाटा मी वाचला. "२४ वर्षांची निष्कलंक देशसेवा, शिस्तप्रिय, नेतृत्वगुण". गोदामाच्या मॅनेजरला यातून काहीच कळत नाही. आम्ही दोघांनी बसून प्रत्येक कामाला नागरी नाव शोधलं. सर्टिफाइड रिसीट व्हाउचर म्हणजे त्यांचं जीआरएन, माल आल्याची पावती. इश्यू व्हाउचर म्हणजे डिस्पॅच आणि डिलिव्हरी चलन. स्टॉक टेकिंग म्हणजे सायकल काउंट. लॉस स्टेटमेंट म्हणजे व्हेरिअन्स रिपोर्ट. बिन कार्ड दोन्हीकडे बिन कार्डच आहे.

नंतर बायोडाटात ओळ अशी झाली: "सुमारे ४,००० प्रकारच्या सुट्या भागांच्या साठ्याची नोंद, ९ जणांची टीम, दर तिमाही प्रत्यक्ष मोजणी, फरक शोधून दुरुस्ती." प्रत्यक्ष बायोडाटा इंग्रजीतच दिला. एक काळजी मात्र घेतली. युनिटचं नाव, डेपोचं ठिकाण, कोणत्या शस्त्राचे किंवा वाहनाचे भाग आणि नेमका साठा, यातलं काहीही लिहिलं नाही. ती बंधनं डिस्चार्जनंतरही राहतात, आणि मालकाला त्या माहितीची गरज नसते.

मग कमी काय होतं? संगणकावरचं गोदाम. फौजेत लेजर पक्कं, पण एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट येत नव्हतं. ई-वे बिलही नवीन होतं. ५० हजारांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर जाताना ते लागतं, त्याच्या भाग ब मध्ये गाडीचा क्रमांक असतो, आणि साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत मोजतात. गाडी वाटेत बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर भाग ब बदलावा लागतो. दोन महिन्यांत हे सगळं त्याने शिकून घेतलं.

मुलाखत पीथमपूरच्या एका वाहन-भागांच्या गोदामात झाली. प्रश्न आला, "सिस्टिममध्ये ४८० नग दिसतात, मोजले तर ४६८. काय कराल?" फौजी उत्तर तयार होतं: रिपोर्ट करू, बोर्ड बसेल. आम्ही याची तालीम केली होती, म्हणून त्याने पायऱ्या सांगितल्या. आधी त्या बिनचा व्यवहार थांबवायचा. मग गाडीत चढलेला पण सिस्टिममध्ये न टाकलेला माल आहे का ते बघायचं. त्यानंतर शेजारच्या बिनमध्ये चुकून ठेवलेला माल. मग दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजणी. "आणि साहेब," तो म्हणाला, "फरक बरोबर १२ चा आहे. एका पेटीत १२ नग असतील तर आधी एक अख्खी पेटी नोंदीतून सुटली आहे का ते तपासेन. कोणीतरी एक पेटी न नोंदवताच पाठवलेली असू शकते." मॅनेजरने पुढचा प्रश्न विचारलाच नाही, पगाराचं बोलणं सुरू केलं.

पगार ठरवतानाही एक चूक टाळली. "पेन्शन किती मिळते?" हा प्रश्न हमखास येतो, आणि खरा आकडा सांगितला की देऊ केलेला पगार खाली येतो. तुमची पेन्शन हा मालकाचा विषय नाही. "या पदासाठी तुमची श्रेणी काय आहे?" असं उलट विचारावं. नेमणूकपत्रात नोटीस किती दिवसांची आहे तेही बघा. आमच्या हवालदाराने ती ३० दिवसांचीच करून घेतली, कारण सरकारी पत्र आलं तर ९० दिवस थांबणं परवडणारं नव्हतं.

सरकारी पत्र आलं तेव्हा

डिस्चार्जनंतर सातव्या महिन्यात केंद्राच्या एका कार्यालयातून क्लार्कच्या पदाचं पत्र आलं. बँकेच्या परीक्षेचा अंतिम निकाल अजून बाकी होता, आणि बँक त्याला जास्त हवी होती. इंदूर विभागात नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त, आणि बँकेत शेवटच्या मूळ पगाराचा विचार करून वेतन बसवलं जातं.

"काका, हे सोडून देऊ का?" त्याने विचारलं.

मी वही उघडायला सांगितली. बँकेचा अर्ज सेवेत असतानाच केलेला होता, तारीख आणि नोंदणी क्रमांक समोर होते. म्हणजे ही नोकरी घेतली तरी बँकेतला हक्क जाणार नव्हता. त्याने नोकरी घेतली आणि रुजू होण्याच्या दिवशीच आस्थापना शाखेत स्वयंघोषणापत्र दिलं. त्यात त्याचा सेवा क्रमांक, डिस्चार्जची तारीख, आणि "मी या पदावर रुजू होण्यापूर्वी पुढील पदांसाठी अर्ज केले आहेत" एवढं लिहून सातही अर्जांची तारीखवार यादी जोडली. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय ती प्रत निरुपयोगी आहे, म्हणून लिपिक "नंतर देतो" म्हणाला तरी तिथेच थांबायचं.

त्याच्याच बॅचचा एक जण दुसऱ्या शहरात असाच रुजू झाला होता. त्यानेही बँकेला आधीच अर्ज केलेला होता, पण घोषणापत्राची कोणी आठवण केली नाही. बँकेच्या कागदपत्र तपासणीत त्याला पहिल्या नोकरीत दिलेली यादी मागितली गेली. यादी नव्हती. राखीव जागा गेली.

चार महिन्यांनी आमच्या हवालदाराचा बँकेचा निकाल लागला. त्याने घोषणापत्राची शिक्क्याची प्रत जोडून कार्यालयाकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं. राजीनामा दिला तो नव्या नेमणुकीचा संदर्भ लिहून, रीतसर कार्यालयामार्फत, आणि कार्यमुक्तीचं पत्र हातात आल्यावरच निघाला. बँकेत रुजू होताना त्याने डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि शेवटच्या पगाराचा दाखला दिला. हा दाखला डिस्चार्जच्या वेळीच युनिटमार्फत पे अकाउंट्स ऑफिसकडून मागून ठेवला होता. तो नसेल तर बँक वेतन पदाच्या सुरुवातीच्या पायरीवर बसवते आणि फरकासाठी नंतर महिनोन् महिने पत्रव्यवहार करत बसावं लागतं.